रविवारी, तो जोतिबाला गेल्यावर

शनिवारी रात्री नेहमीसारखाच स्वयंपाक कर.
पिठलं, भाकरी, खर्डा.
गोडाचं करू नकोस. गोड दिसलं की
आज काय आहे म्हणून विचारेल.
ताटात राहिलं तर राहू दे,
का जेवला नाहीस म्हणायचं नाही.
भांडी घासून पालथी घाल, ओटा पूस.
सकाळी धाकटा उठेल तेव्हा
घर रोजच्यासारखं दिसलं पाहिजे.

पिशवी भरायला तुला शिकवायला नको.
लग्न होऊन शुक्रवार पेठेत आलीस
आणि त्याच ऑगस्टात, 2019 ला, आपण गळ्याइतक्या पाण्यातून निघालो.
2021 च्या जुलैत परत. ओवी तेव्हा महिन्याची होती,
टोपलीत घालून होडीत दिली होतीस माझ्या हातात.
नदीचं बरं असतं.
राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झालं की इशारा, 43 ला धोका,
पेपरात येतं, रिक्षावरून ओरडत जातात,
माणसाला निघायला वेळ मिळतो.

तर माळ्यावरची पुराची पिशवी.
तुझं आधार, ओवीचं आधार, तिचा जन्माचा दाखला, डोसांचं कार्ड,
तुझं एकटीच्या नावाचं पासबुक, लग्नाचा दाखला.
रेशनकार्ड नको. ते हलवलं की लगेच दिसतं.
लग्नातला एक फोटो घे, दोघांचे चेहरे नीट आलेला.
कोर्टात मागतात. बाकी अल्बम राहू दे, उगाच ओझं.

मार्कलिस्टा माझ्या ट्रंकेत आहेत,
हिरव्या इरकलीच्या घडीत, दहावीपासून बी.कॉम.पर्यंत सगळ्या.
चुलीत घातल्या म्हणून तू दोन दिवस जेवली नव्हतीस.
त्यानं जाळल्या त्या झेरॉक्स होत्या.
खऱ्या मी दिवाळीआधीच बदलून घेतल्या होत्या.
कसं सुचलं ते विचारत बसू नकोस, घडी मोडून काढ
आणि लुगडं परत तसंच ठेव.

दवाखान्याच्या दोन चिठ्ठ्या आहेत, एक्स-रेच्या पाकिटात.
दोन्हींवर बाथरूममध्ये घसरून पडली असं लिहिलंय.
तरी घे. तारखा खऱ्या आहेत, हाड खरं आहे.
आपल्या बाथरूमची फरशी मी रोज घासते,
तिथं शेवाळ धरत नाही.
हे वकिलाला सांगितलंस तरी चालेल,
कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर माझं नाव सांग.

पिशवी डाव्या खांद्यावर. उजवा हात अजून भरवशाचा नाही.

पैसे हळदीच्या डब्यात, प्लास्टिकच्या खाली.
माझी भिशी आणि लाडक्या बहिणीचे साठलेले, मिळून 23 हजार.
मोजू नकोस, मी मोजलेत.
एटीएमला हात लावायचा नाही, मेसेज त्याच्या फोनवर जातो.
फोनवरून कुणाला पैसे पाठवायचे नाहीत, चहाचे दहा रुपयेसुद्धा रोख.
फोन इथंच ठेव. बंद करू नकोस,
चार्जिंगला लावून उशीजवळ ठेव,
वाजला तर घरातच वाजू दे.
लागतील ते नंबर मी कागदावर काढलेत, अक्षर लागत नसेल तर आत्ताच विचार.
त्यातला 181 पाठच कर. तो बायकांसाठी आहे, पैसे पडत नाहीत.

तुझा साज तांदळाच्या डब्यात आहे, लॉकरमध्ये नाही.
लॉकरमध्ये आहे असं मी सगळ्यांना सांगितलंय.
तुझ्या आईनं घातलेला आहे, त्यावर इथं कुणाचा हक्क नाही.
रुमालात माझ्या दोन पाटल्या आहेत. त्या ओवीच्या.
वेळ आली तर मोड, जपत बसू नकोस.
मी पस्तीस वर्षं जपल्या, त्यांचं काही झालं नाही.

आता रविवार.
तो चारला उठेल. चहा मी देईन, तू पडून राहा.
गाडी चालू झाली की लगेच उठू नकोस.
एकदा रुमाल विसरून परत आला होता.
पुलाकडं वळल्याचा आवाज आला की मी खालून खाकरेन.
तो शिवाजी पुलावरून जाईल, तू सीपीआरकडं निघायचंस,
तोंडं दोन दिशांना आहेत, घाबरायचं कारण नाही.
गुलाल लावून यायला दहा वाजतात.
तरी साडेआठ धरून चाल.

साधा पंजाबी ड्रेस घाल, साडी नको.
कोल्हापुरी चप्पल नको, करकरतात. स्लीपर घाल.
बांगड्यांवर ओढणी गुंडाळ.
उतरवायच्या की ठेवायच्या ते तिकडं गेल्यावर बघ,
ते काही आज ठरवायचं काम नाही.
जिन्यातली वरून चौथी पायरी वाजते,
भिंतीला धरून उतर, त्या कडेला लाकूड घट्ट आहे.
धाकटा सोप्यात झोपलेला असेल. तसा मेल्यासारखा झोपतो,
पण भावाचा फोन आला की टुणकन उठतो.
त्याचा फोन मी रात्रीच पिठाच्या डब्यावर ठेवून देईन,
शोधायला अर्धा तास जाईल.

ओवीला झोपेतच उचल.
जागी झालीच तर सांग, अंबाबाईच्या काकड्याला चाललोय.
आजी का येत नाही म्हणेल.
सांग, गुडघे दुखतात.
गुडघे दुखतातच.

मागच्या दाराच्या कडीला कालच खोबरेल घातलंय.
दार ओढून घेऊ नकोस, लोटून ठेव, आतून मी लावीन.
मामंजींच्या फोटोला नमस्कार करत थांबायचं नाही.
त्यांना रोज हार घालायला मी आहे.
देव्हाऱ्याकडं एकदा बघितलंस तर बघ,
पण चालता चालता.

गल्लीतनं सरळ तोरस्कर चौकाकडं जा.
कोपऱ्यावरच्या काकी पाचला दारात पाणी मारतात, त्याआधी तिथून पुढं सरक.
तालमीतली पोरं पण तेव्हाच निघतात, तुला वहिनी म्हणतात,
पिशवी आणा इकडं म्हणतील.
चौकातल्या स्टँडवरची रिक्षा नको, सगळे त्याच्या ओळखीचे.
सीपीआरच्या दारात रात्रंदिवस रिक्षा असतात,
तिथं पहाटे पिशवी आणि पोर घेतलेल्या बाईकडं कुणी वळून बघत नाही.
दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, स्टँड.

गंगावेशीतनं मात्र जाऊ नकोस.
तिथनं जवळ वाटतं, पण वाट फसवी आहे.
पहाटे कट्ट्यावर म्हशी आलेल्या असतात,
धारोष्ण दूध प्यायला अर्धी पेठ उभी असते.
कुणीतरी विचारतंच, काय हो वहिनी, एवढ्या लवकर?
मग दूध न्यायला आले म्हणावं लागतं.
काखेत दीड वर्षाचं पोर असलं तर
त्याला ग्लासातला फेस चाटवतात, ते हसतं,
ओठांवर पांढरी मिशी येते, सगळे हसतात,
आणि माणूस दूध घेऊन घरी परत येतं.
ते पोर ह्या वेळेपर्यंत केर्ली ओलांडून गेलेलं असेल,
तू पाय उचल.

पुण्याच्या गाड्या पहाटेपासून असतात. लाल गाडी बघ.
तिकीट बायकांना अर्धं आहे, 2023 पासून, मागावं लागत नाही.
ओवीचं पडत नाही, अजून पाच पूर्ण नाहीत.
पुढं दाराजवळ बसू नकोस, मधे बस, खिडकीला तिला बसव.
पिशवीच्या तळाशी खण आहे, तांदूळ आहेत, खोबऱ्याची वाटी आहे.
ओटी भरायला वेळ मिळणार नाही म्हणून भरून ठेवलंय.
खोबरं वाटेत तिला दे, गाडी लागत नाही मग.
किणी टोलनाका गेला की डबा उघड.
भाकरी तुझ्यासाठी, दूधपोळी तिच्यासाठी.
रडायचं असेल तर सातारा सोडल्यावर,
बोगदा येतो, तिथं अंधार असतो.

गडहिंग्लजला माहेरी जाऊ नकोस.
तो पहिली गाडी तिकडंच घालेल.
तुझे वडील भले आहेत, पण भली माणसं
चहा टाकतात आणि बसून मिटवूया म्हणतात.
मागच्या वेळी मिटवलं तेव्हा मी शिरा केला होता,
तुला उजव्या हातानं चमचा धरता येत नव्हता.

स्वारगेटला उतर, तिथनं हडपसर.
माझी मावसबहीण आहे, पत्ता कागदावर आहे.
तिचं नाव ह्या घरात कुणी घेत नाही,
मामंजींनी तिला दारातनं परत लावली होती,
ती मला न्यायला आली होती तेव्हा.
म्हणून तिचा नंबर कुणाकडं नाही.
तिला जास्त काही सांगायला लागणार नाही.
चार दिवस झोप, मग बोल.

कायदा तुझ्या बाजूनं आहे, 2005 चा.
घरात राहायचा हक्कसुद्धा आहे म्हणे तुला.
असू दे. तो हक्क कागदावर मांड, आणि तिथं बसून मांड.
केस पुण्यात घालता येते, जिथं राहतीस तिथल्या कोर्टात,
त्यासाठी इकडं यायला लागत नाही.
संरक्षण अधिकारी म्हणून असतात, त्यांना भेट.
कुणी म्हणालं, आधी सासरी जाऊन समजूत काढा,
तर त्या माणसाकडं परत जाऊ नकोस, दुसरं दार गाठ.
जे झालं ते तारखेवार लिहून काढ.
तारखा आठवत नसतील तर माझ्या कालनिर्णयावर बघ,
मी ती पानं फाडून एक्स-रेसोबत घातलीत.
जिथं दूध नाही असं लिहिलंय, तो दिवस.
आपल्याकडं दूध कधी चुकलेलं नाही.

मी काय सांगणार ते ठरलंय.
गुडघ्याची गोळी घेतली होती, जाग आली नाही.
त्याला आधी खोटं वाटेल, मग तो शिव्या देईल, मग जेवायला मागेल.
मी वाढीन.
माझ्या अंगावर तो येत नाही.
परवाचं धरू नकोस, मी मधे आले होते.
शेजारच्या काकींना मी सांगून ठेवलंय,
आवाज वाढला तर टीव्ही आहे समजू नका.
त्या हो म्हणाल्या. लगेच म्हणाल्या,
विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही.

महिनाभर मला फोन करू नकोस.
नंतर बुधवारी दुपारी अकरा ते बारा काकींच्या फोनवर कर,
भाजीवाला म्हणून नाव घातलंय त्यांनी.
ओवीला द्यायचा नाही फोन. ती आवाज ओळखते
आणि घरी कधी येऊ म्हणून विचारते.
शाळेत घालताना आईचं नाव, आईचा नंबर, आईचा पत्ता,
आणि न्यायला कोण येणार ते बाईंना लेखी दे.
कोण यायचं नाही तेही लेखी दे. त्याचा फोटो दाखव.
तो दिसायला चांगला आहे, गोड बोलतो,
लहानपणापासून कुणालाही खरा वाटतो.

कोर्टात साक्ष लागली तर मला बोलावून घे.
सासू आहे म्हणून वकील नको म्हणेल, त्याला सांग, मी आपणहून येतेय.
काय विचारतात ते सांग, कुठनं सुरू करायचं ते सांग.
त्याच्यापासून, का त्याच्या वडिलांपासून.
तारीख आठवडाभर आधी कळव, म्हणजे गोळ्या आणून ठेवता येतील.
पहाटेची गाडी धरीन. तिकीट मलाही अर्धंच आहे.