जवारीचा व्हिडिओ कुठे गेला?

नमस्कार ताई,

तुमचा निरोप वाचला. तंबोऱ्याच्या तारा टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवण्याचा, म्हणजे जवारी काढण्याचा तो व्हिडिओ तुम्ही रोज रियाजाआधी लावायचात, म्हणून तो गेल्याचं तुम्हाला किती लागलं असेल ते कळतं. मी तो आपल्या यूट्यूबच्या यादीतून काढलेला नाही, आणि तुमच्या फोनमध्येही काही बिघाड नाही. ज्यांनी तो टाकला होता त्यांनी आपलं सगळं चॅनेलच प्रायव्हेट केलंय. म्हणून यादीत त्याच्या नावाच्या जागी "[Private video]" एवढंच दिसतं. भोपळा कापण्याचा आणि तारा चढवण्याचा, हे त्यांचे दुसरे दोन व्हिडिओही त्याच दिवशी तसेच झाले. तेव्हाच मला शंका आली आणि मी मिरजेला त्यांच्या घरी फोन केला.

त्यांनी स्वतःच सांगितलं, बंद आम्हीच केलंय. त्यांच्या आजोबांचे हात घोडीवर कानस फिरवतानाचे तुकडे कोणीतरी कापून, वर भलतंच संगीत लावून, स्वतःच्या दुकानाची जाहिरात म्हणून फिरवत होतं. घरच्यांना ते सहन झालं नाही. मला त्यांचं पटतं. ती जवारी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली विद्या आहे. ती किती उघडी ठेवायची हे त्यांनीच ठरवायचं.

व्हिडिओ डिलीट झालेला नाही, हे मात्र नक्की. प्रायव्हेट व्हिडिओ मालकाला आणि त्याने ज्यांना परवानगी दिली त्यांनाच दिसतो. उद्या त्यांनी चॅनेल उघडलं तर हीच लिंक पुन्हा चालू होईल, म्हणून मी ती यादीत तशीच ठेवतोय. तुम्हीही जपून ठेवा. यूट्यूबमध्येच ऑफलाइन ठेवलेला असेल तर तोही इंटरनेट लागताच बंद पडतो, त्यावर विसंबू नका. आणि कृपा करून कोणाकडून कॉपी मागवू नका. कोणी पाठवलीच तर पुढे पाठवू नका. या माणसांचं मन आणखी दुखावलं तर दार कायमचं बंद होईल.

तुमचा खरा प्रश्न तंबोऱ्याचा आहे ना? पंचमाची तार दबकी वाजते असं तुम्ही लिहिलंय. आधी फक्त घोडीवर तारेखाली असलेला दोरा अगदी थोडा पुढे-मागे सरकवून पाहा; तार झणकारते ती जागा कानाला लगेच सापडते. एकेका तारेचं स्वतंत्र पाहायचं, चारही दोरे एकदम हलवायचे नाहीत. तरीही आवाज खुलला नाही तर तारेने घोडीवर चर पाडली असणार. तिथे कानस स्वतः लावू नका, एकदा जास्त घासलेली घोडी भरून येत नाही.

तुम्ही सांगलीत विश्रामबागेत राहता, मिरज काही लांब नाही. सतारमेकर गल्लीत तंबोरा घेऊन जा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच कारागिरांच्या हातांमुळे. समोर बसून जवारी काढताना ऐकायला मिळेल, पण फोन बाहेर काढण्याआधी विचारा. जायच्या आदल्या दिवशी मला कळवा, मी त्यांना फोन करून ठेवतो.