वाढीव कामांच्या खर्चाबाबत सूचना व लेखी मंजुरीची विनंती

नागपूर, १५ एप्रिल २०२५

प्रति,
श्री. व सौ. वानखेडे, प्रतापनगर, नागपूर

विषय : घराच्या नूतनीकरणातील बदलांमुळे ७६,७४७ रुपयांचा वाढीव खर्च.

सप्रेम नमस्कार,

आपल्या घराचे काम जीएसटी वगळून ६,४०,००० रुपयांत ठरले होते. त्यानंतर सुचवलेल्या तीन बदलांचा आणि तोडफोडीत उघड झालेल्या एका दोषाचा खर्च त्यात धरलेला नाही. यांपैकी काही बदल आपण साइटवर मिस्त्रीला तोंडी सांगितले आणि त्याने दर न विचारताच होकार दिला, ही आमच्याकडून झालेली चूक आहे.

दोन्ही बाथरूममध्ये टाइल्स ७ फुटांऐवजी छतापर्यंत, म्हणजे १० फुटांपर्यंत लावायच्या असल्याने १४४ चौरस फूट काम वाढते. साहित्य व मजुरीसह ११० रुपये दराने त्याचे १५,८४० रुपये होतात. स्वयंपाकघरातील ओटा दक्षिणेच्या भिंतीला नेण्यासाठी पाण्याची व सांडपाण्याची लाइन नव्याने टाकण्याचे २२,५०० रुपये होतील, मात्र जुन्या जागेचे रद्द होणारे ६,५०० रुपये त्यातून वजा केले आहेत. दोन खिडक्यांत कूलरसाठी लोखंडी स्टँड, पाण्याची लाइन व स्वतंत्र पॉइंट यांचे १४,००० रुपये आहेत.

चौथी बाब स्लॅबची आहे. हॉलच्या छताचे प्लास्टर काढल्यावर सुमारे ६० चौरस फुटांत सळ्या गंजलेल्या दिसल्या. गंज घासून काढणे, गंजरोधक लेप व पॉलिमर मॉर्टर यांचा खर्च ३२० रुपये दराने १९,२०० रुपये येईल. हे काम न करता वरून प्लास्टर केल्यास गंज आतल्या आत वाढत राहील व पोपडे पुन्हा सुटतील, त्यामुळे दुरुस्तीशिवाय तेथे प्लास्टर करण्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकणार नाही. प्लास्टर काढण्यापूर्वी हा दोष दिसणे शक्य नव्हते.

वजावटीनंतर रक्कम ६५,०४० रुपये, १८ टक्के जीएसटी ११,७०७ रुपये, एकूण ७६,७४७ रुपये. सर्व बाबी मंजूर झाल्यास कामाला ९ दिवस जास्त लागतील.

मंजुरीसाठी सोबतच्या दोन्ही प्रतींवर प्रत्येक बाबीसमोर ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ असे लिहून सही करावी आणि एक प्रत शनिवार, १९ एप्रिलपर्यंत साइटवर द्यावी. आपण बाहेरगावी असल्यास सही केलेल्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला तरी चालेल, परंतु मूळ प्रत नंतर द्यावी लागेल. काही बाबीच मंजूर केल्यास तेवढ्याच रकमेचा सुधारित हिशेब पुढील कामाच्या दिवशी देऊ. मंजूर बाबींची निम्मी रक्कम मिळाल्यावर साहित्य मागवले जाईल, उरलेली त्या बाबीचे काम पाहून द्यावी.

उत्तर न आल्यास ती मंजुरी समजली जाणार नाही. तोपर्यंत या चार बाबी थांबतील, मूळ करारातील इतर कामे सुरू राहतील. ओटा नामंजूर झाल्यास तो जुन्याच जागी, ठरलेल्या किमतीत होईल. स्लॅबचा निर्णय मात्र शक्यतो आधी कळवावा, कारण हॉलचे वायरिंग व रंगकाम त्यावर अडले आहे. यापुढील कोणताही बदल मिस्त्रीला न सांगता थेट मला सांगावा. लेखी दर दिल्याशिवाय तो सुरू होणार नाही.

आपला विश्वासू,
ठाकरे, बांधकाम कंत्राटदार

सोबत : मंजुरीपत्रकाच्या दोन प्रती, गंजलेल्या सळ्यांची छायाचित्रे