रात्री दहा ते बारा

आमच्या आबांना काहीही सांगितलं की ते शब्दाला शब्द परत म्हणतात. "आबा, चहा उजव्या हाताला ठेवलाय." "उजव्या हाताला." "आबा, पुढे पायरी." "पायरी." लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. मग सासूबाई म्हणाल्या, अगं, सुकाण्याची खोड आहे ती. जहाजाच्या चाकावर उभ्या माणसाला साहेब जो हुकूम देतो तो त्याने मोठ्याने परत म्हणायचा. ऐकण्यात घोटाळा झाला असेल तर तिथल्या तिथे कळतो.

आबा मूळचे हर्णैचे. समुद्र सुटल्यावर मुलाच्या नोकरीपायी बडोद्याला आले आणि इथेच रुजले. मी इथलीच, दांडिया बाजारची. माझ्या मराठीत गुजराती कधी शिरते ते मला कळत नाही, आबांना मात्र लगेच कळतं. समुद्रापासून इतक्या लांब राहून यांना करमतं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. "झोपाळा आहे ना," म्हणाले.

त्यांची लॉगबुकची वही ही घरातली पूजेच्या पोथीखालोखालची वस्तू. खरा लॉग जहाजाचा असतो, घरी आणता येत नाही. पण आबा ड्युटी संपली की ब्रिजवरच्या लॉगमधले आकडे स्वतःच्या वहीत उतरवायचे: कोर्स, वारा, बॅरोमीटर, दुपारी बाराला जहाज कुठे होतं ते. आकडे पेन्सिलीने. मग बंकवर पडल्या पडल्या शेवटच्या रकान्यात शाईपेनाने दोन ओळी स्वतःच्या.

हे पेन्सिल आणि शाईचं लक्षात असू द्या.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री चढली आणि कारेलीबागेतल्या आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी आलं. मगरीच्या भीतीने जिन्यावरून खाली पाय टाकायची सोय नव्हती. (बाहेरच्यांना ही गंमत वाटते. बडोदेकरांना वाटत नाही.) वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. जन्मभर समुद्राने जिला थेंब लागू दिला नाही तिला नदीने दोन दिवस भिजत ठेवलं. पाणी उतरल्यावर मुक्ताने ती गच्चीवर नेली, सुरीच्या पात्याने एकेक पान सोडवलं आणि पुन्हा चिकटायच्या आत मोबाइलवर फोटो काढले. एकशे बेचाळीस फोटो. वही मग त्या चिखलगाळाच्या गडबडीत गेली. कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये चुकून गेली, असं घरात सगळे धरून चालतात.

आबांना काचबिंदू. वही धड होती तेव्हाही तीन-चार वर्षं ती नुसती मांडीवर घेऊन बसायचे. त्यामुळे दर रविवारी सकाळी, हे शेव-उसळ आणायला गेले की, मुक्ता झोपाळ्यासमोर मोडा ओढून बसते आणि टॅबवर फोटो मोठे करून वाचते.

पेन्सिलीला पाण्याने काही होत नाही. आकडे जसेच्या तसे. शाई मात्र फुटून निळं ढगाळ झालेलं. म्हणजे जहाज कुठे होतं, वारा किती होता हे सगळं शिल्लक आणि माणूस काय म्हणाला ते गेलेलं.

"अकरा डिसेंबर एकोणीसशे सदुसष्ट," ती वाचते. "संध्याकाळी सहाला मुंबई सोडली. कोर्स दोनशे चौतीस."

"टू-थ्री-फोर," आबा म्हणतात.

"शेरा: सुएझ बंद म्हणून मोंबासा, मग केपला वळसा. घरी... पुसलंय, साधारण चार शब्द... म्हणाली. पुढे पुसलंय."

"कोण म्हणाली?" यांनी एकदा विचारलं. "आईच असणार. 'लवकर या म्हणाली' असं वाच ना."

"बाबा, मी नाही तसं वाचणार. चार शब्दांची जागा आहे एवढंच दिसतंय."

आमच्या ह्यांना रिकामी जागा सहन होत नाही, शब्दकोडंसुद्धा पेनाने भरतात. पण पोरगी ऐकत नाही. पुसलंय तिथे 'पुसलंय' म्हणते, जागा किती ते सांगते आणि पुढे जाते. आबा कधी ती भरतात, कधी नाही. तीच जागा एका रविवारी "पत्र टाका म्हणाली" झाली, दुसऱ्या रविवारी "लोणचं जपा म्हणाली". मुक्ता दोन्ही ऐकून घेते, लिहून मात्र कुठलंच ठेवत नाही.

सुएझचं तिला पहिल्यांदा आबांनीच समजावलं. जून १९६७च्या लढाईत कालवा बंद झाला तो १९७५पर्यंत. विलायतेला जायचं तर अख्ख्या आफ्रिकेला प्रदक्षिणा. त्यातून दक्षिण आफ्रिकेच्या बंदरात आपली जहाजं लागायची नाहीत, भारताने १९४६लाच त्यांच्याशी व्यापार तोडलेला. म्हणून इंधन मोंबासाला भरून घ्यायचं आणि केपला नुसता लांबून नमस्कार.

गेल्या रविवारी तेरा तारखेचं पान निघालं. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते.

"तेरा डिसेंबर. दुपारी बारा. चौदा अंश आठ मिनिटं उत्तर, पासष्ट अंश त्रेचाळीस मिनिटं पूर्व. वारा ईशान्य, चार. आकाश अर्धं ढगाळ. रात्री आठ ते दहा, कोर्स दोनशे चौतीस."

"टू-थ्री-फोर."

"रात्री दहा ते बारा..." ती थांबली. "पुसलंय."

आबांनी पायाने झोपाळा थांबवला. कडीचा आवाज बंद झाला म्हणून मला कळलं.

"रात्री बारा ते दोन, दोनशे चौतीस. आबा, एक मिनिट. हे आकड्यांच्या रकान्यात पुसलंय. इथे पेन्सिल आहे."

ते गप्प.

"पेन्सिल कुठेच गेलेली नाही. वरचा चौतीस स्वच्छ आहे, खालचा स्वच्छ आहे." तिने दोन बोटांनी फोटो आणखी मोठा केला असावा. "कागदाची लव उभी राहिलीय. ब्लेडने खरवडल्यासारखी. हे पाण्याचं काम नाही, आबा."

मी सुरी खाली ठेवली. लॉगमध्ये खाडाखोड चालत नाही, हे या घरात मुक्ताला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही. तिच्या शाळेच्या वह्यांत खोडरबर लावलेला दिसला की आबा बोटाने चाचपून ओळखायचे.

"टू-फोर-थ्री," आबा म्हणाले.

"काय?"

"तिथे दोनशे त्रेचाळीस होतं. माझ्या हातचं. दहाला चाक माझ्याकडे आलं. अगोदरच्या सुकाण्याने कोर्स सांगितला टू-थ्री-फोर. मी परत म्हटलं टू-फोर-थ्री. तो जांभया देत होता, त्याने ऐकलं नाही. थर्ड मेट चार्टवर वाकलेला, त्याने ऐकलं नाही. मी दोन तास नऊ अंश उजवीकडे चालवलं. बाराला दुसरा माणूस आला तेव्हा फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसलं, चौतीस. त्याला मी चौतीस सांगितलं. आणि झोपायला गेलो."

"नऊ अंश म्हणजे किती लांब?"

"बारा नॉटने दोन तास. पावणेचार मैल." हे त्यांनी इतक्या पटकन सांगितलं की हिशेब आज केलेला नव्हता, हे मलाही कळलं. "खुल्या समुद्रात त्याचं काही नाही. पहाटे चीफ मेटने तारे घेतले, जहाज रेघेच्या उत्तरेला. कप्तानाने थर्ड मेटला उभा केला. पोरगेला होता, पहिलीच सफर. प्रवाहाने गेलं असेल म्हणाला. कप्तान म्हणाला, तुझा वॉच होता, कंपासकडे बघितलंस का? मोंबासा येईपर्यंत कप्तान रोज रात्री त्याच्या शेजारी उभा राहिला. लहान मुलाजवळ उभं राहावं तसा. आणि चाकावर मी."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"सांगितलं नाही."

"पण वहीत लिहिलं होतं."

"झोपायच्या आधी लिहिलं. सकाळी त्याला झापताना ऐकलं आणि दाढीच्या ब्लेडने काढलं. माझी वही कोण बघणार होतं, मुक्ते?"

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. हे शेव-उसळीची पिशवी घेऊन आले, कोणी बोलत नाही असं बघून चपला काढता काढता तिथेच उभे राहिले. मुक्ता आत गेली. प्रिंटर घरघरला. त्या पानाचा फोटो ए-फोर कागदावर काढून आणला आणि पाटीवर ठेवून आबांच्या मांडीवर दिला. बॉलपेन त्यांच्या बोटांत धरवला.

"खालचं दिसत नाही, मग रेघ कशावर मारू?" आबा म्हणाले.

"मी लिहिते अगोदर. दोनशे त्रेचाळीस. त्यावर तुम्ही मारा."

तिने पेन्सिल आणली. लिहिलं. त्यांचं बोट धरून आकड्यावर ठेवलं. आबांनी डावं बोट पट्टीसारखं आडवं धरलं आणि रेघ मारली. थोडी खाली गेली, चारच्या पायाशी. बाजूला २३४ लिहिलं, आकडे एकमेकांवर चढले. मग सही. सहीला मात्र डोळे लागले नाहीत.

"तारीख कुठली घालू?" त्यांनी विचारलं.

"आजची," मुक्ता म्हणाली.

"आजची."

मी बश्या मांडल्या. उसळ गरम होती, हे शेव भुरभुरवायला लागले, मला हातात काहीतरी धरून ठेवावंसं वाटत होतं म्हणून मी आबांचा चहाचा कप घेऊन झोपाळ्यापाशी गेले.

"आबा, चहा उजव्या हाताला."

"उजव्या हाताला."

"आबा, वही ट्रॅक्टरमध्ये चुकून गेली नव्हती." ह्यांचा हात शेवेच्या पुडीत थांबलेला मला दिसत होता. "गाद्या काढत होते, वास सुटला होता, वहीला बुरशी धरली होती. मी बघून टाकली. मुक्ताने फोटो काढलेत म्हटलं आणि टाकली."

आबांनी कप चाचपला, कान सापडला, उचलला नाही.

"बघून टाकली," ते म्हणाले.