उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. चतुर्थीला साडेअकराची वेळ देऊन मोदक सव्वादोनला पोचले, हे खरं आहे. गुरुजी ताटकळले, शेवटी तुम्ही गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवलात. चूक माझी आहे.

आमच्या दोन शेगड्यांना झेपतील त्याहून जास्त ऑर्डरी मी घेतल्या. उशीर होणार हे सकाळी नऊलाच दिसत होतं. तेव्हाच फोन केला असता, तर तुम्हाला दुसरी सोय करता आली असती. तो केला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मोदक चिकट आणि फुटलेले होते, तेही घाईमुळेच. निवू न देता वाफाळतेच डब्यात भरले, झाकणाला पाणी सुटलं आणि पारी ओली झाली. पीठ मात्र शिळं नव्हतं, आदल्या दिवशी दळलेल्या आंबेमोहोराचं होतं. पण डबा उघडल्यावर तुम्हाला तशी शंका आली, हे मी समजू शकतो.

‘सणाला असं होतंच’ हे फोनवरचं उत्तर तुम्हाला मिळायला नको होतं. फोन घेणारी मुलगी नवीन आहे. उशीर झाल्यावर काय बोलायचं, हे मीच तिला सांगितलं नव्हतं.

२१ मोदकांचे ८४० रुपये आज सकाळी परत पाठवले आहेत. आता दर तासाला ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त मोदकांची ऑर्डर घेत नाही. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. काही बोलायचं राहिलं असेल तर सकाळी सात ते अकरा मी दुकानातच असतो.