डबा उघडून सांगा: सोसायटीच्या खत गटासाठी श्रावणातले पोल आणि प्रश्न

सोमवार, सकाळी ८ · पोल

मंडळी, आज ओला कचरा टाकायला डबा उघडाल तेव्हा वरचा थर काडीने जरा बाजूला करून आत बघा. काय दिसतंय? एकापेक्षा जास्त पर्याय निवडले तरी चालतील.

◯ कापसासारखी पांढरी बुरशी
◯ जाड, मळकट रंगाच्या अळ्या
◯ झाकण उघडलं की उडणारी चिलटं
◯ तळाशी पाणी किंवा चिखल, घाण वास
◯ सगळं कोरडं, टाकलं तसंच पडलंय
◯ काळपट, भुसभुशीत, मातीचा वास
◯ सध्या डबा बंद आहे

शेवटचा पर्याय खुशाल निवडा, का म्हणून कुणी विचारणार नाही. चालू डबे किती आहेत ते कळलं की या महिन्याच्या कोकोपीटच्या विटा त्या हिशोबाने मागवता येतात. मत दिलंत की तुमचं काम झालं, खाली काही लिहायची गरज नाही. उद्या संध्याकाळी प्रत्येक पर्यायावर उपाय इथेच देऊ.

मंगळवार, संध्याकाळी ७ · कालच्या पोलवरचे उपाय

सगळ्यात जास्त मतं चिखलाला आणि त्याखालोखाल अळ्यांना पडली. पावसाळ्यात हे होणारच, त्यामुळे आधी या दोन्हींचंच बघू.

चिखल झाला म्हणजे आत हवा जात नाही. ओल्या कचऱ्याच्या फटी पाण्याने भरतात, हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि बिनहवेचे वाढतात. सडलेल्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्यामुळे. अशा वेळी वरून नुसतं कोकोपीट भुरभुरवून भागत नाही, कारण ते तळापर्यंत पोचत नाही. सगळा माल जुन्या गोणपाटावर काढा. तळाची भोकं मालाने बुजली असतील, ती जाड सुईने मोकळी करा. मालात त्याच्या निम्म्याने कोरडा पाला किंवा कोकोपीट हाताने नीट कालवा. डब्यात खाली चार बोटं पाला पसरा आणि मग माल परत भरा. डबा दोन विटांवर ठेवा, म्हणजे पाणी खाली निथळेल. हे घाण वासाचं पाणी झाडांना घालू नका, पालेभाजीला तर नाहीच.

अळ्या बघून पुष्कळ जण डबा कायमचा बंद करतात, म्हणून हे जरा सविस्तर. या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आहेत, घरमाशीच्या नाहीत. ही माशी चावत नाही आणि अन्नावर घोंघावतही नाही. अळ्या कचरा भराभर खातात. पूर्ण वाढल्या की काळपट होतात आणि कोरडी जागा शोधत डब्याबाहेर चढतात. त्या भिंतीवर दिसल्या की घरात घबराट होते, पण डब्याचं काहीही बिघडलेलं नसतं. नकोच असतील तर रोजच्या कचऱ्यावर दोन बोटं कोरडा थर द्या आणि झाकणाच्या फटीला जाळीचं कापड लावा. माशी फटीतच अंडी घालते.

चिलटांचा उपाय हाच: फळांची सालं उघडी ठेवू नका, थराखाली दाबा. बुरशी असेल तर काही करू नका, ती आपलंच काम करतेय. कोरडं असेल तर आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडा आणि माल एकदा वरखाली करा.

‘काळपट, भुसभुशीत’ निवडणाऱ्यांसाठी एकच प्रश्न: त्या डब्यात नवा कचरा टाकणं बंद करून किती आठवडे झाले? नुसता आकडा लिहा. चाळणीचा दिवस त्यावरून ठरेल.

बुधवार, दुपारी १ · आकड्यात उत्तर

एका दिवसाच्या कचऱ्यावर तुम्ही कोकोपीट किंवा पाला किती मुठी टाकता?

उत्तर म्हणून फक्त आकडा, ‘४’ किंवा ‘१०’. मोजत नसाल तर ‘०’ लिहा, तेही उत्तरच आहे. डबा स्वयंपाकघरातल्या मोठ्या माणसाने सांभाळायचा आणि फोन दुसऱ्याच्या हातात, असं असेल तर आज जेवताना त्यांना विचारून लिहा.

विचारण्याचं कारण हे: चिखल झालेल्या आणि न झालेल्या घरांचे आकडे शेजारी ठेवले की आपल्या इमारतीच्या ओलीला किती मुठी लागतात ते दिसेल. पुस्तकी प्रमाण उन्हाळ्यात ठीक, पावसात तेवढं पुरत नाही. शिळा भात आणि वरण ज्या दिवशी जातं त्या दिवशी तर हमखास दुप्पट लागतं.

गुरुवार, सकाळी ८ · मुठीची परीक्षा

डब्याच्या मध्यातून मूठभर माल घ्या (तळातून नको, तो ओलाच असतो) आणि घट्ट दाबा. खाली एकच अक्षर लिहा.

क – बोटांतून पाणी टपटप गळलं
ख – तळवा ओलसर झाला, एखादा थेंब आला, गोळा टिकला
ग – मूठ उघडली आणि सगळं विस्कटलं

‘ख’ वाल्यांनी तसंच चालू ठेवा. ‘क’ वाल्यांनी आज तीन मुठी कोरडं वाढवून शनिवारी पुन्हा दाबून बघा आणि नवं अक्षर लिहा. गटात लिहायचा संकोच वाटत असेल तर थेट आम्हाला पाठवा. नाव न घालता अक्षर मोजू.

शनिवार, सकाळी १० · निर्माल्याचा प्रश्न

श्रावणी सोमवार आणि मंगळागौरीमुळे प्रत्येकाच्या डब्यात निर्माल्य वाढलंय. झेंडू, शेवंती, दुर्वा लवकर मुरतात. पण सगळंच मुरत नाही.

तुमच्या डब्यात महिना झाला तरी जशीच्या तशी राहिलेली निर्माल्यातली एक वस्तू कोणती? एकच लिहा. फोटो टाकलात तर उत्तम.

दोन वस्तू आम्हीच सांगून टाकतो, म्हणजे त्या सोडून लिहाल: हाराचा नायलॉनचा दोरा आणि नारळाची करवंटी. दोरा तर चाळणीत अडकून सगळा माल रोखून धरतो. बेलाची पानं चिवट असतात, ती चुरून टाकलीत की फरक पडतो. ज्या वस्तू जास्त वेळा येतील त्यांची यादी गणपतीआधी निर्माल्याच्या पिंपावर चिकटवू, म्हणून उत्तर बुधवारपर्यंत हवं.

रविवार, संध्याकाळी ६ · पोल

आठवड्याच्या आकड्यांवरून चार घरांचं खत चाळण्याजोगं झालंय. मोठी चाळणी एकच आहे, त्यामुळे वेळ ठरवू. ज्यांचं खत तयार नाही त्यांनीही मत द्या. बघायला आलात तर तयार खत हातात घेऊन बघता येईल.

◯ पुढचा शनिवार, सकाळी ७.३०
◯ पुढचा रविवार, सकाळी ९
◯ पुढचा रविवार, संध्याकाळी ५
◯ येणं जमणार नाही, पण कुंड्यांसाठी खत हवंय
◯ माझं खत जास्त आहे, वाटायचंय

पाऊस असला तर पार्किंगच्या शेडखाली चाळू. ओलं खत चाळणीतून उतरत नाही, म्हणून आणायच्या आधी दोन दिवस वर्तमानपत्रावर पंख्याखाली पसरून ठेवा. चौथा पर्याय निवडणाऱ्यांनी खाली कुंड्यांची संख्या लिहा. एक भाग खताला तीन भाग माती, या हिशोबाने तुमची पिशवी भरून ठेवू.