दुरुस्तीच्या सूचनेबाबत: दिवस, वेळ आणि काम कळावे

नारायण पेठ, पुणे
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

ती. काकांस,
स. न. वि. वि.

मंगळवारी संध्याकाळी आमच्या दारावर तुमची सूचना चिकटवलेली मिळाली. ती आहे तशी खाली उतरवतो, म्हणजे आपण दोघंही त्याच कागदाबद्दल बोलतोय हे नक्की होईल:

“सर्व भाडेकरूंना कळविण्यात येते की इमारतीत लवकरच दुरुस्तीचे काम करण्यात येणार आहे. कामगार घरात येतील. तरी सहकार्य करावे. – मालक”

आधी एक सांगतो. ही सूचना वाचून मला बरंच वाटलं. बाथरूमच्या छताला ओल आल्याचं मी तुम्हाला 8 जुलैला फोटोसकट व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं, 2 ऑगस्टला परत कळवलं, आणि गणपतीत तुम्ही आरतीला आलात तेव्हा प्रत्यक्ष दाखवलंही होतं. “पाऊस संपू दे, मग हात घालू,” असं तुम्ही म्हणालात आणि ते मला पटलं होतं. आता पाऊस संपलाय, काम व्हायलाच हवं. या पत्राचा अर्थ काम नको असा कृपया काढू नका.

अडचण ‘लवकरच’ या शब्दाची आहे. लवकरच म्हणजे कधी? आणि काम म्हणजे नेमकं कोणतं? सहकार्य करायची माझी पूर्ण तयारी आहे, पण कशात करायचं ते कागदावर कुठेच नाही.

याचा परिणाम काय झाला तो गुरुवारी दिसला. दुपारी तीनच्या सुमारास दोन माणसं घमेलं, छिन्नी-हातोडा घेऊन दारात उभी राहिली. मी दीड वाजताच कंपनीच्या बसने चाकणला गेलो होतो, सेकंड शिफ्ट. सौ. शाळेत, ती साडेपाचशिवाय येत नाही. घरी आई एकटी. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन 4 तारखेला झालंय, काळा चष्मा लावून बसलेली असते. तिने आतूनच विचारलं, “कोण? कुठलं काम?” बाहेरून उत्तर आलं, “मालकांनी पाठवलंय, बाथरूम फोडायचंय.” आईने दार उघडलं नाही. माणसं बडबडत निघून गेली आणि संध्याकाळी तुमचा फोन आला की भाडेकरू दार उघडत नाहीत. काका, त्या क्षणी मी मशीनवर होतो, म्हणून जास्त बोललो नाही. पण आईने केलं ते बरोबरच केलं. अनोळखी दोन माणसं, हातात हातोडा, कोणी येणार याची घरात कुणालाच कल्पना नाही. तुमच्या घरी काकू एकट्या असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं.

त्या माणसांचा दोष नाही. त्यांची एक दिवसाची मजुरी बुडाली, त्याचंही वाईट वाटलं.

आता कामाबद्दल. ‘बाथरूम फोडायचंय’ हे ऐकल्यापासून मला थोडी काळजी लागली आहे, कारण ओल बाथरूममधूनच येतेय का याबद्दल मला शंका आहे. तुमच्या वरच्या ब्लॉकमधली मंडळी सप्टेंबरअखेर गेली. तेव्हापासून वर कुणी आंघोळ करत नाही, कपडे धूत नाही. वरच्या नहाणीतून गळती असती तर एवढ्या दीड महिन्यात छत वाळायला हवं होतं, निदान डाग आक्रसायला हवा होता. तसं झालेलं नाही. मी ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून बाजूला तारीख लिहितो. 5 ऑक्टोबरची रेघ आणि 9 नोव्हेंबरची रेघ यांच्यात चांगली चार बोटं अंतर पडलंय, आणि ते बाहेरच्या बाजूला. डक्टकडच्या कोपऱ्यात गिलाव्याचे पोपडे सुटलेत, हाताने दाबलं तर पिठासारखं खाली येतं.

दुसरी गोष्ट. रोज सकाळी साडेसहा ते साडेसात वरची टाकी भरायला पंप चालतो. आठ-साडेआठला तो कोपरा गडद होतो, रात्री मी शिफ्टवरून येतो तेव्हा जरा फिका पडलेला असतो. मागच्या रविवारी पंप बिघडला होता, त्या दिवशी कोपरा गडद झालाच नाही. मी काही प्लंबर नाही, पण टाकीकडे जाणारी लाइन त्याच डक्टमधून वर जाते, आणि एखाद्या सांध्याला ती पंपाच्या दाबाने झिरपत असेल असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर काम डक्टमध्ये होईल, आमच्या टाइल्सना हात लावायची गरजच पडणार नाही, आणि वरची नहाणी फोडून नवा कोबा घालायचा तुमचा खर्चही वाचेल. फरशी फोडून वॉटरप्रूफिंग केलं आणि पाइप तसाच राहिला, तर पुढच्या पावसात आपण परत याच छताकडे बघत उभे असू. म्हणून फोडाफोडीआधी एकदा तुमच्या प्लंबरला सकाळी पंप चालू असताना डक्टमध्ये डोकावायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी सकाळी घरीच असतो, चहाही मिळेल.

हे सगळं लिहिण्याचं कारण एवढंच की कोणतं काम आहे यावर आमची सगळी तयारी अवलंबून आहे. नुसती पाहणी असेल तर मी कोणत्याही सकाळी दार उघडतो. डक्टमधलं पाइपचं काम असेल तर पाणी किती तास बंद राहील एवढंच सांगा, आम्ही पिंप आणि बादल्या भरून ठेवू. पण आमच्या बाथरूमची भिंत किंवा छत फोडायचं असेल तर गोष्ट वेगळी. घरात बाथरूम एकच आहे. फोडायचं, राडारोडा उतरवायचा, गिलावा करायचा, तो सुकायचा. यात किती दिवस जातील ते मिस्त्रीलाच विचारावं लागेल. तेवढे दिवस आंघोळ-धुणं कुठे? वरचा ब्लॉक रिकामा आहे, तिथलं बाथरूम वापरायची परवानगी द्याल का, हेही त्याच वेळी ठरवू. आणि आईच्या डोळ्यात धूळ किंवा पाणी अजिबात जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी 2 डिसेंबरपर्यंत बजावलंय. सिमेंटची धूळ घरभर होणार असेल तर मी तिला साताऱ्याला ताईकडे सोडून येईन. पण त्यासाठी मला चार दिवस आधी कळायला हवं, सुटीचा अर्ज टाकावा लागतो.

कायद्याचं बोलायला मला संकोच वाटतो. पाच महिन्यांत आपल्यात तशी वेळ आलेली नाही. पण फोनवर तुम्ही म्हणालात, “घर माझं आहे, मी केव्हाही येईन,” म्हणून नाइलाजाने लिहितो. आपण मे महिन्यात अंगठे देऊन जो करार नोंदवला, त्याच्या 9व्या मुद्द्यात ‘पूर्वसूचना देऊन, सोयीच्या वेळी’ असे शब्द आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 28 मध्येही मालकाचा जागा पाहण्याचा हक्क मान्य केलाय, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. केंद्राने 2021 मध्ये राज्यांसाठी जो आदर्श भाडे कायदा काढला, त्यात तर किमान 24 तास आधी सूचना, तीत दिवस, वेळ आणि कारण, आणि सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, असं स्पष्ट म्हटलंय. तो आपल्या कराराला लागू आहे असं मी म्हणत नाही. तो केंद्राचा नमुना आहे. पण सूचना कशी असावी याचा मासला म्हणून चांगला आहे. पाइप फुटला, शॉर्टसर्किट झालं, तर अर्थातच कोणी कुणाची वाट बघायची नसते. तेव्हा रात्री दोनलाही या.

तुमच्याकडे आमच्या दाराची दुसरी चावी आहे, ती असू द्या. फक्त आमच्यापैकी कुणी घरी नसताना ती मिस्त्रीच्या हातात देऊ नका, ही विनंती.

सूचना मोठी नको. चार ओळी पुरतात. उदाहरणार्थ, “शनिवार 22 नोव्हेंबर, सकाळी 10 वाजता प्लंबर व एक बिगारी येतील. डक्टमधील टाकीच्या लाइनचा सांधा बदलायचा आहे. पाणी 10 ते 1 बंद राहील. घरात फोडकाम नाही.” एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की पुरे, दारावर चिकटवायचीही गरज नाही. (कागद फेव्हिकॉलने लावलाय, रंगासकट निघतोय. तेवढं माझ्या डिपॉझिटमधून कापू नका!)

आमच्या सोयीच्या वेळा अशा. सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 ते 1 मी घरी असतो. 22 आणि 23 नोव्हेंबर, शनिवार-रविवार, आम्ही दोघंही दिवसभर घरी आहोत. फोडकाम नसलं तर हेच दिवस सर्वांत उत्तम. सोमवारी 24 तारखेला सकाळी 11 वाजता आईला डोळ्याच्या तपासणीला न्यायचंय, तेवढा दिवस सोडा. मोठं फोडकाम असलं तर 3 डिसेंबरनंतरची कोणतीही तारीख चालेल, मग आईला हलवायचीही गरज पडणार नाही.

बुधवार 19 तारखेपर्यंत कळवलंत तर बरं होईल, म्हणजे मी शनिवारसाठी दुसरं काही ठरवणार नाही. फोन करायचा असेल तर सकाळीच करा. शिफ्टवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, गुरुवारी तुम्हाला सुपरवायझरच्या फोनवरून मला शोधावं लागलं, तसं परत नको.

आणखी एक राहिलंच. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या दारावरही हीच सूचना लावलीय. त्या मला तीन वेळा विचारून गेल्या की त्यांच्या घरी काय फोडणार आहेत. त्यांना एकदा सांगून टाका, त्या देवघर आवरून बसल्यात.

काकूंना नमस्कार.

आपला,
नितीन
(दुसरा मजला, ब्लॉक 6)

सोबत: छताचे तीन फोटो, 8 जुलै, 5 ऑक्टोबर आणि 9 नोव्हेंबरचे. व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळे पाठवले आहेत. तिसऱ्यात पेन्सिलीच्या रेघा दिसतात.