रथसप्तमीचं जेवण: फक्त घरातल्यांसाठी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सप्रेम नमस्कार,

आमची सून वसुधा व आमचे बंधू अरविंद यांचा विवाह शुक्रवार, दि. 9 जानेवारी 2026 रोजी सोलापूर येथे नोंदणी पद्धतीने, मोजक्या साक्षीदारांच्या उपस्थितीत झाला.

त्यानिमित्त माघ शुद्ध सप्तमी, शके 1947, रविवार, दि. 25 जानेवारी 2026 रोजी (रथसप्तमी) दुपारी 12.30 वाजता, जुळे सोलापुरातील अरविंद यांच्या राहत्या घरी स्नेहभोजन योजिले आहे. कै. सुधीर व कै. नंदिनी यांचे स्मरण मनी ठेवूनच दोन्ही घरांनी हा निर्णय आनंदाने स्वीकारला आहे.

आपण घरातलेच. सहकुटुंब येऊन उभयतांना आशीर्वाद द्यावेत, ही विनंती.

आहेर आणू नये.

आपले,
माई (वसुधाच्या सासूबाई)
दादा (अरविंद यांचे थोरले बंधू)

*

(पाठपान)

सोलापूर, 12 जानेवारी 2026

ती. आत्याबाई, काका, मामी, दोन्हीकडच्या वहिनी आणि सगळ्या पोरासोरांनो,

वडीलधाऱ्यांना शि. सा. नमस्कार. पुढचं पान माई आणि दादांचं, हे माझं.

पत्रिका छापायचीच नव्हती. पण माई म्हणाल्या, "फोनवर सांगितलेलं लग्न चोरून केल्यासारखं वाटतं. कागद हवा." म्हणून हा कागद. बत्तीस छापल्यात, जेवायला येणारी घरं त्याहून कमीच आहेत. उरलेल्या माई ट्रंकेत ठेवणार.

छापखान्यातल्या मुलानं नेहमीच्या मजकुरात नावं घालून आणली होती. त्यात मी 'चि. सौ. कां.' होते! चौपन्नाव्या वर्षी चिरंजीव होण्याची हौस नाही, ते खोडलं. 'श्रीमती' सुद्धा खोडलं, त्या जागी काय घालायचं यावर अर्धा तास गेला आणि शेवटी दोघांचीही नावं नुसतीच ठेवली. 'पुनर्विवाह' हा शब्द दादांनी काढायला लावला. विवाह म्हटलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या लेकीला खाली 'आमच्या आईच्या लग्नाला यायचं हं!' असं घालायचं होतं. अरविंदरावांचा मुलगाही तिला सामील. दोघांचंही वय पंचविशीच्या पुढे आहे, हे त्यांना सांगावं लागलं.

आडनावं मुद्दाम गाळली आहेत. तुम्हाला ती ठाऊक आहेत, आणि माझं मी बदलतही नाहीये. शाळेच्या सेवापुस्तकात जे आहे तेच राहील. माईंची सून मी आहेच, ते पत्रिकेतही तसंच छापलंय.

आत्याबाई, तुमचा प्रश्न पोचला: पौषात कशाला? विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली की 30 दिवस थांबावं लागतं, नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकावं लागतं. म्हणजे माघापर्यंत थांबता आलं असतं. आम्ही थांबलो नाही, एवढंच. शाळेला त्या शुक्रवारी माझी रजा मंजूर होती आणि तिन्ही साक्षीदार गावात होते. जेवण मात्र तुमच्यासाठी माघात घेतलंय.

त्या दिवशीचं एक सांगते. निघताना मी नेहमीसारखी सुधीरच्या फोटोपाशी उभी राहिले. माई मागून आल्या, फोटोवरचा चंदनाचा हार काढला, पदरानं काच पुसली आणि हार पुन्हा घातला. मग कुंकवाची डबी माझ्यापुढे धरली. स्वतः लावलं नाही. "तुझं तू लाव, मी धरते," म्हणाल्या. डबीत कुंकू वाळून खडा झालं होतं, ते नखानं उकरावं लागलं. मी लावलं. मग त्याच म्हणाल्या, "चल, रिक्षा थांबलीय."

तो फोटो आता जुळे सोलापुरात आलाय. नंदिनीताईंच्या फोटोशेजारी त्याला जागा केलीय. जेवायला आलात की दोघांना नमस्कार करा, त्यांचं नाव काढायला कुणी अडखळू नका. आम्ही रोजच काढतो. आणि हो, माईही इथेच राहणार आहेत. 'आता माईंचं काय' असं फोनवर हळूच विचारणाऱ्यांना हे उत्तर.

आता कामाचं.

मंडप, बँड, हार घालणं, स्टेज, फोटोवाला, काही नाही. अंगणात ताडपत्री आणि सतरंज्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या. साडी नेसा ती जेवायला बसता येईल अशी. जेवणात मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी, पाहिजे त्याला कडक, भरली वांगी, शेंगाचटणी आणि दही, शेंगापोळी आणि साजूक तूप, शेवटी मसालेभात. दादा शेतातून हुरडा आणणार आहेत. कणसं अजून कोवळी राहिली असतील तर सकाळी दहाच्या सुमारास परसात आगटी पेटेल. लवकर येतील त्यांचा हुरडा, उशिरा येणाऱ्यांना नुसता धुराचा वास.

आहेराचं माई-दादांनी छापलंय, तरी पुन्हा लिहिते, कारण आपल्याकडे 'नको' म्हटलं की 'बरं, छोटंसं' असं ऐकू येतं. पाकीट नको, साडी नको, टॉवेल-टोपी तर मुळीच नको. अरविंदरावांनी तीस वर्षं यंत्रमागावर टॉवेलच विणलेत. घरात पुढच्या पिढीला पुरतील एवढे आहेत. चादरींचंही तेच.

रथसप्तमीला संक्रांतीचं हळदीकुंकू संपतं. जेवण आटोपल्यावर चार वाजता माईंच्या हातून वाण लुटायचं आहे. तीळगूळ आणि कुंकू सगळ्यांना, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. मामी, गेली सात वर्षं तुम्ही अशा वेळी स्वयंपाकघरात चहा करायला जाता, हे मला माहीत आहे, कारण मीही तिथेच असायचे. त्या दिवशी चहा पोरं करतील. पहिलं बोट तुमच्या कपाळाला. वाण काय ते ओळखलं असेलच: छोटा टॉवेल.

पुण्याची मंडळी शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मानं येणार असतील तर रात्रीची खिचडी इथेच, अंथरुणं आहेत. मुंबईकरांना सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची, रविवारी सकाळी उतरलात की आंघोळीला पाणी तापलेलं असेल. गड्ड्याची गर्दी अजून असेल, तेव्हा रिक्षावाल्याला होम मैदानाकडून नको म्हणावं आणि विजापूर रोडनं यावं. पोरांना गड्ड्यात जायचंच असेल तर संध्याकाळी, पाळण्याचे पैसे अरविंदकाका देणार आहेत. (हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

ज्यांना यायला जड जाईल, मग प्रवासामुळे असो की मनामुळे, त्यांनी कारण शोधत बसू नये. नंदिनीताईंच्या माहेरच्यांना दादांनी स्वतः जाऊन पत्रिका दिली. त्यांच्या आई म्हणाल्या, "बघू." आमच्यासाठी तेवढं पुष्कळ आहे. त्यांचं पान मांडलेलं असेल.

येणार की नाही ते मंगळवारी, 20 तारखेपर्यंत माझ्या किंवा अरविंदरावांच्या फोनवर कळवा. शेंगापोळ्या शेजारच्या काकू करून देणार आहेत आणि त्यांना आकडा लागतो. 'अंदाजे' चालत नाही त्यांना.

तुमची,
वसुधा

ता. क. यांनी वाचून दोन ओळी खोडायला सांगितल्या. एक खोडली. पाळण्याची राहू दिली.